एकतीस मार्कांचं पत्र

आमचं घर ढोकीला, साखर कारखान्याच्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, आणि पडवीच्या पुढं रस्ता. गाळप सुरू असलं की त्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर दिवसभर जायचे, एकामागं दोन ट्रॉल्या लावून, आणि प्रत्येक ड्रायव्हरचं गाणं वेगळं. एकाचं गाणं नीट ऐकू येईपर्यंत दुसऱ्याचं सुरू व्हायचं, त्यामुळं मला त्या काळातली कितीतरी गाणी फक्त मधल्या दोन ओळींपुरतीच येतात. भोंगा झाला की आई हातातलं काम न थांबवता म्हणायची, "चार वाजले," आणि चुलीवर चहाचं आधण चढायचं. मळीचा वास हवेत कायम. पाहुणे आले की नाकाला पदर लावायचे, आणि आम्हाला कळायचंच नाही की यांना झालंय काय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. भरलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची, नंतर रिकामी घ्यायची, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. आयुष्यभर माणूस वजाबाकी करत बसला की त्याची बोलण्याची तऱ्हाच वेगळी होते. आई म्हणायची, "भाजी लई छान झालीया म्हणा की एकदा," तर अण्णा म्हणायचे, "मागच्या बुधवारच्यापेक्षा बरी झाली." मला त्यांचाच गुण लागला. अजूनही लागलेलाच आहे. आमच्याकडे दूधवाला आला की मी माप बघते, आणि माझी मुलगी दाराआड जाऊन हसते.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेज जिल्ह्याच्या गावी, म्हणजे आजच्या धाराशिवला. आम्ही तेव्हा उस्मानाबादच म्हणायचो. रोज एस.टी.नं जाणं-येणं. त्या वर्षी आम्हाला भूजलावरचा एक प्रकल्प होता, पन्नास मार्कांचा, आणि तो चौघाचौघांच्या गटानं करायचा होता. आमच्या गटात मी, नागेश, रेहाना आणि बालाजी. नागेश इतका कमी बोलायचा की हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा. रेहाना त्याच्या वाटणीचंही बोलायची. आणि बालाजी येडशीला मामाकडे राहायचा. त्याला कुणी कधी 'नाही' म्हटलेलं मी पाहिलं नाही. हसला की समोरचा माणूस स्वतःची खुर्ची त्याला द्यायचा.

काम सोपं होतं, पण नेटानं करायचं होतं. बारा विहिरी निवडायच्या, प्रत्येकाच्या वाट्याला तीन. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक विहिरीतल्या पाण्याची खोली मोजायची, अशा आठ फेऱ्या. म्हणजे शहाण्णव नोंदी. मोजायची पद्धत अशी: पोलादी टेपच्या शेवटच्या दोनेक मीटरला खडू फासायचा, टोकाला वजन बांधून टेप विहिरीत सोडायचा, काठावर लाल रंगानं केलेल्या खुणेशी टेपचा पूर्ण मीटरचा आकडा धरायचा, आणि मग टेप वर ओढून खडू कुठंपर्यंत भिजलाय ते बघायचं. धरलेल्या आकड्यातून भिजलेला वजा केला की खोली आली. पुन्हा वजाबाकी. मला हे काम इतकं आवडलं की दर फेरीला एकदा जायचं तिथं मी दोनदा जायची. विहिरीचे मालक म्हणायचे, "पोरी, पानी हाय तितंच हाय, पळून न्हाय जात." पण ते जात असायचं. दर पंधरवड्याला हातभर.

माझी एक इच्छा होती, ती इथंच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. माकणीच्या धरणावर उन्हाळ्यात सहा आठवड्यांचं प्रशिक्षण मिळायचं. रोज पाण्याची पातळी घ्यायची, गळती मोजायची, तक्ते करायचे. आमच्या कॉलेजातून एकच जण घेत, आणि अट होती की या प्रकल्पात पन्नासपैकी निदान पस्तीस हवेत. त्याच्यानंतर वर्षाची टक्केवारी बघत, आणि टक्केवारीत मी पहिली होते, नागेश दुसरा. म्हणजे मला फक्त पस्तीस हवे होते. घरी मी तेव्हाच सांगून टाकलं होतं की उन्हाळ्यात मी माकणीला राहणार आहे. आईनं तिथल्या एका लांबच्या मावशीला निरोपही धाडला होता.

फळ्यावर लागले एकतीस. आम्हा चौघांनाही एकतीस.

बालाजीचं काय झालं होतं ते आकड्यांत सांगते. पहिल्या तीन फेऱ्या त्यानं केल्या. चौथीला त्याच्या मामाच्या पोरीचा साखरपुडा होता, पाचवीला गाडी बिघडली, सहावीला त्याला आठवणच राहिली नाही, आणि सातवी-आठवीला आम्ही विचारणंच सोडून दिलं. त्या पाच फेऱ्यांतल्या तीन मी केल्या, ढोकीहून येडशीला एस.टी.नं जाऊन, दोन नागेशनं केल्या. म्हणजे माझ्या तेहतीस नोंदी, नागेशच्या तीस, रेहानाच्या चोवीस आणि बालाजीच्या नऊ. शिवाय अहवालातलं चौथं, आलेखांचं प्रकरण त्याच्याकडे होतं, ते त्यानं इतक्या उशिरा दिलं की अहवाल तीन दिवस उशिरा गेला आणि दिवसाला एक याप्रमाणं गटाचे तीन मार्क कापले गेले.

हे मार्क देणारे होते भुसारी सर. ते खरं तर शिक्षक नव्हते, एम.ई. करत होते आणि त्यासोबत आमची प्रात्यक्षिकं घ्यायचे, वह्या तपासायचे. टी.ए. म्हणत त्यांना. मूळ विषय चौधरी मॅडमचा. भुसारी सर विदर्भातले, आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, आणि पंधरा गट एकट्यानं तपासून तपासून त्यांचे डोळे लाल झालेले असायचे. वर्गात त्यांनी सांगितलं, "कुणाला काही म्हणायचं असेल तर मला तोंडी सांगू नका. माझ्या लक्षात राहत नाही. ई-मेल करा. गुरुवारी यादी परीक्षा विभागाकडे जाते, त्याच्या आत."

ई-मेल! कॉलेजात शिकवलं होतं, पण पाठवायची वेळ कुणावर आली नव्हती. गावात बसस्टँडशेजारी एक सायबर कॅफे होतं, प्लायवूडच्या खोपटांत सहा संगणक. प्रकल्पाच्या सुरुवातीलाच सरांनी प्रत्येक गटाला एक ई-मेल पत्ता काढायला लावला होता, आणि आमचा पत्ता बालाजीनं काढला होता, कारण त्यालाच ते येत होतं. पासवर्ड चौघांनाही ठाऊक होता. स्वतःचा वेगळा पत्ता असतो, असावा, हे आमच्या डोक्यातही नव्हतं. वाड्यावस्त्यांवर पोस्टाची एकच पेटी असते, तसा गटाला एक पत्ता. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, चौघांत एक? म्हणजे सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसणार!" तिला हे एका सेकंदात कळलं. मला कळायला तीन दिवस लागले.

पहिला खर्डा मी घरी पडवीत बसून लिहिला. मराठीतच लिहिला, मग इंग्रजी करायचं होतं. दीड पान झालं. त्यात 'घोर अन्याय' दोनदा, 'बेजबाबदार' तीनदा आणि 'काही जणांच्या आळसामुळे' असा एक टोमणा होता, जो मला फार आवडला होता. आई शेंगा फोडत बसली होती. तिला वाचून दाखवला.

"ब्येस लिहिलंस," आई म्हणाली. "अजून एक टाक, की त्यो पोरगा नुसता हसतो."

"हसण्याचे मार्क कापत नसतात, आई."

"कापाय पायजेत!"

अण्णा कामावरून आले, हातपाय धुतले, भाकरी-पिठलं खाल्लं, वर ताक प्याले आणि मग कागद घेतला. पेन्सिल घेऊन एकेक शब्द खोडत गेले. आई म्हणाली, "समदंच खोडता का काय?"

"विशेषणं खोडतोय," अण्णा म्हणाले. "काट्यावर मानूस येतो, म्हणतो माझा ऊस लई भारी हाय. म्या म्हणतो, गाडी वर घे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला काय पायजे त्यांच्याकडून?"

"पस्तीस."

"पस्तीस मागू नको. पस्तीस तुझ्या मनातले हायेत. त्यांच्या नियमात काय हाय ते माग."

मी प्रकल्पाचं सूचनापत्रक काढलं. मला ते पाठ होतं असं मला वाटायचं, पण भांडायला निघाल्याशिवाय माणूस नियम खऱ्या अर्थानं वाचत नाही. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: तीस मार्क गटाचे, अहवाल आणि माहितीसाठी, ते चौघांना सारखेच, आणि वीस मार्क वैयक्तिक, त्यात दहा नोंदवहीचे आणि दहा तोंडी परीक्षेचे, ते ज्याचे त्याला. आम्हाला मिळालेले असे होते: गटाचे एकोणीस आणि वैयक्तिक बारा. चौघांनाही बारा! म्हणजे जे वेगळे द्यायचे तेच एकसारखे दिले होते. माझी खरी तक्रार एवढीच होती, आणि दीड पानात तीच तेवढी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत बसून एका बोटानं टाइप केलं. पत्र इंग्रजीत होतं; त्याचा अर्थ देते. मला ते अजून जवळपास पाठ आहे:

"विषय: गट सात, वैयक्तिक वीस गुणांची फेरतपासणी करण्याबाबत विनंती. आदरणीय सर, आमच्या गटातील चारही विद्यार्थ्यांना वैयक्तिक भागात बारा गुण मिळाले आहेत. सूचनापत्रकाप्रमाणे हे गुण प्रत्येकाची नोंदवही आणि तोंडी परीक्षा पाहून द्यायचे आहेत. शहाण्णव नोंदींपैकी माझ्या तेहतीस, नागेशच्या तीस, रेहानाच्या चोवीस आणि बालाजीच्या नऊ आहेत. नोंदवह्यांतील पानांचे क्रमांक खाली दिले आहेत. चौथे प्रकरण बालाजीकडे होते आणि ते उशिरा मिळाल्याने अहवाल तीन दिवस उशिरा दिला गेला. विनंती अशी की वैयक्तिक गुण चारही वह्या पाहून पुन्हा द्यावेत आणि उशिराबद्दल कापलेल्या तीन गुणांचाही विचार व्हावा. मी वह्या घेऊन कधीही येऊ शकते. आपली विद्यार्थिनी," नाव आणि हजेरी क्रमांक.

पाठवायचं बटण दाबलं. पत्र गेलं असं पडद्यावर आलं. मी खुर्ची सरकवून उठले आणि समाधानानं बाहेर आले. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं की आपले हात रिकामे होतात ना, तसंच. पत्र आपल्याकडे मागं उरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी कॉलेजच्या पायऱ्यांवर बालाजी उभा होता. एरवी तो कुणाला तरी हसवत असायचा, आज एकटाच.

"शैला," तो म्हणाला, "पत्र वाचलं तुझं."

मी विचारलं, "कोणतं पत्र?"

"भुसारी सरांना धाडलंस ते. 'सेंट'च्या पेटीत हाय की. आन् सरांचं उत्तर बी आलंय खाली. म्या कालच वाचलं." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यानं ते छापूनही आणलं होतं! "एक सांगू? लई वाईट वाटलं. पन म्हटलं, पोरगी मर्दानी हाय. दुसऱ्या कुणी असतं तर चोरून गेलं असतं सरांकडं. हिनं गटाच्या पेटीतनं धाडलं, म्हंजे म्या वाचावं म्हणूनच. तोंडावर बोललीस, मागनं न्हाय."

मी 'हं' म्हणाले. आयुष्यात इतकं लबाड 'हं' मी परत म्हणाले नाही.

मग मी खालचं सरांचं उत्तर वाचलं. त्यांनी लिहिलं होतं: "तुमचा पहिला मुद्दा बरोबर आहे. पंधरा गटांच्या गडबडीत मी तोंडी परीक्षेचा आणि वह्यांचा सरासरी अंदाज धरून गटाला एकच आकडा दिला. ती माझी चूक. पण गुण बदलण्याचा अधिकार मला नाही. मी वह्या पुन्हा तपासून चौधरी मॅडमना शिफारस करू शकतो, सही त्यांची. फेरतपासणीत गुण वाढतात तसे कमीही होऊ शकतात, आणि ती चौघांचीही होईल. उशिराचे तीन गुण परत मिळणार नाहीत. गटातला एक जण काम करत नाही हे चौथ्या फेरीला कळवलं असतं तर काही करता आलं असतं, निकालानंतर नाही. बुधवारी अकरा वाजता चौघांनी वह्या घेऊन यावं. प्रत्येकानं आपण स्वतः काय केलं ते एका कागदावर, दुसऱ्याला न दाखवता लिहून आणावं. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्यासमोरच तुम्ही ती उघडपणे केलीत, हे मला आवडलं."

"बग," बालाजी म्हणाला, "सरास्नी बी आवडलं."

मी तिथंच खरं सांगायला हवं होतं. पण समोरचा माणूस आपल्याला मोठं म्हणत असताना आपण लहान आहोत हे सांगायला जी ताकद लागते, ती मला विसाव्या वर्षी नव्हती. आज पन्नाशीच्या अलीकडे असताना आहे का, तेही खात्रीनं सांगत नाही.

बुधवारी अकराला आम्ही प्रयोगशाळेत बसलो. लांब टेबल, टेबलावर मातीचे नमुने, आणि भुसारी सरांच्या पुढं आमच्या चार वह्या. नागेशची वही चिखलानं माखलेली, खाडाखोड केलेली. रेहानाच्या वहीत समासात मेंदीची नक्षी. बालाजीची वही कोरी म्हणता येईल इतकी स्वच्छ. आणि माझी वही: मी ती दर फेरीनंतर घरी बसून नव्यानं उतरवून काढायची. तारखा लाल शाईनं, रेघा पट्टीनं.

सरांनी चारही कागद वाचले. बालाजीचा वाचून थांबले. "बालाजी, शैलानं तुमच्या नऊ नोंदी लिहिल्यात. तुम्ही सहा लिहिल्यात. आपल्याच नोंदी कमी लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

"तिसऱ्या फेरीच्या तीन खोट्या हायेत, सर." बालाजी उभा राहिला होता. "अंदाजानं लिहिल्या. दुसऱ्या फेरीतनं थोडं थोडं कमी केलं."

"का?"

"त्या दिवशी येळवस होती, सर."

"काय होती?"

आता भुसारी सर आमच्या भागातले नव्हते. एरवी तोंड न उघडणारा नागेशसुद्धा म्हणाला, "वेळा अमावस्या." मग रेहानानं सूत्रं हातात घेतली. "सर, त्या दिवशी गावात कुणी नसतंच. सगळे शेतात. पांडवांची पूजा करतात, कडब्याची खोप करतात, आणि मग जेवण. भज्जी असते सर, सगळ्या शेंगांची आणि भाज्यांची, बेसन लावून. ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे असतात. मडक्यात आंबील असते. आम्हाला तर चार शेतांतून बोलावणं असतं, माझे अब्बू सकाळी चहासुद्धा घेत नाहीत त्या दिवशी."

"म्या तिन्ही विहिरींवर गेलतो, सर," बालाजी म्हणाला. "टेप बी नेलता. पन तिन्ही मळ्यांत जेवाय बसवलं. न्हाय म्हणता येत न्हाय. तिसऱ्या मळ्यात आंबील पिऊन झाडाखाली पडलो, ते पार दिवस कलल्यावर उठलो. टेप पिशवीतच."

सर हसू दाबत होते, हे मला दिसलं. पण त्यांनी पेन्सिल उचलली. "तीन नोंदी रद्द. खोटी माहिती अहवालात गेली, म्हणून गटाचे दोन कमी. एकोणीसचे सतरा." रेहानानं बालाजीकडे असं बघितलं की मेंदी वाळून गेली असती. मग सरांनी एकेकाचे वैयक्तिक मार्क कच्च्या कागदावर मांडले. माझ्या नावापुढं त्यांनी लिहिलं: वही नऊ, तोंडी नऊ. मला उलटं वाचता येतं, अण्णांच्या काट्यावर टेबलाच्या पलीकडून पावत्या वाचून वाचून शिकले होते. सतरा आणि अठरा. पस्तीस. बरोबर पस्तीस! मला माकणीच्या धरणावरचा वारासुद्धा लागायला लागला.

तेवढ्यात सर म्हणाले, "पण बालाजी, सबब म्हणून मला हे पटत नाही. सण होता म्हणून मोजता येत नाही असं कसं? ही शैलाची वही बघा. तीच तारीख. तिसरी फेरी, ढोकीच्या तिन्ही विहिरी, सेंटिमीटरपर्यंत. त्यांनाही येळवस होतीच ना? करणारा माणूस करतोच."

बालाजीनं वही बघितली. मग माझ्याकडे बघितलं. ढोकी असो की येडशी, आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल की येळवशीच्या दिवशी कुणी विहिरीत टेप सोडत बसत नाही. त्याला कळलं. नागेशला कळलं, त्यानं मान खाली घातली. रेहाना तर छताकडेच बघायला लागली. पण बालाजीनं वही तशीच सरांपुढं परत सरकवली.

खरं असं होतं की मीही त्या दिवशी आमच्या चुलत्यांच्या शेतात आईशेजारी बसून तीन उंडे खाल्ले होते. विहिरी मोजल्या त्या दोन दिवसांनी. आकडे खरे होते, एकूण एक. पण वही उतरवताना मी तारीख लिहिली वेळापत्रकातली, कारण लाल शाईच्या रांगेत पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर नीट दिसायचं, आणि एका ठिकाणी सतरा दिवस आलेले मला बघवत नव्हतं. त्याला मी खोटं मानतच नव्हते. मी त्याला टापटीप मानत होते. आता तीच टापटीप बालाजीच्या विरुद्ध साक्षीला उभी होती, आणि साक्ष खोटी होती.

"सर," मी म्हणाले, "ती तारीख बरोबर नाही."

आणि सगळं सांगितलं. उंड्यांचे आकडेसुद्धा.

भुसारी सरांनी त्या तारखेभोवती पेन्सिलनं गोल काढला. "नोंदी खऱ्या आहेत?"

"हो. विहिरीच्या मालकांना विचारा. त्यांनी मला त्या दिवशी उरलेली भज्जी दिली होती."

"नोंदी राहतील," ते म्हणाले. "पण नोंदवहीत तारीख हीसुद्धा नोंदच असते. आकडा कधीचा आहे हे ठाऊक नसेल तर तो कशाचा आहे हेही ठाऊक नसतं. पुन्हा वही उतरवून काढू नका. खाडाखोड चालते." आणि त्यांनी नवाचा आठ केला. तो आठ काढायला त्यांना जितका वेळ लागला तितका वेळ मी एरवी एका विहिरीला घ्यायची.

चौतीस. नागेशला छत्तीस, त्याच्या चिखलाच्या वहीला नऊ आणि तोंडीला पूर्ण दहा. मोजकं बोलून सगळं बरोबर सांगितलं होतं त्यानं. रेहानाला तेहतीस. बालाजीला पंचवीस, म्हणजे पास व्हायला लागतात तेवढेच. चौधरी मॅडमनी त्याच दुपारी सही केली.

घरी सांगितलं तेव्हा आईनं लाटणं ताटात आपटलं. "तुला कुनी इचारलं व्हतं का? त्यो मास्तर म्हनत व्हता ना तारीख बराबर हाय म्हणून? मग तुला काय पडलं व्हतं!" आणि मग, "आता त्या मावशीला काय निरोप धाडू?"

अण्णांनी विचारलं, "चौतीस बेरीज तपासली का?"

"तपासली. बरोबर आहे."

"मग जेव," ते म्हणाले. मी जेवले नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडले, आणि चांगली अर्धी बादली पाणी उगाच ओतलं, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. खरं बोलल्याचं समाधान वगैरे मला त्या दिवशी काही झालं नाही. लोक सांगतात की होतं. मला पस्तीस हवे होते.

शुक्रवारी यादी लागली. माकणीला नागेशचं नाव होतं. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि शेवटी नुसता हात वर केला, हजेरीला करायचा तसा. मी हसले, आणि तो सुटल्यासारखा निघून गेला.

बसस्टँडवर बालाजी भेटला. तो चहा पीत होता, मलाही एक सांगितला. मला आता ते 'हं' सहन होत नव्हतं.

"बालाजी," मी म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं रे. पत्र पेटीत राहतं आणि तू ते वाचशील, हे मला माहीतच नव्हतं. मी तुझ्या मागेच लिहिलं होतं."

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. "म्हंजे? तोंडावर न्हाय?"

"नाही."

"आगं बया!" तो ओरडला, इतका की कंडक्टर वळून बघायला लागला. "मंग म्या खरं का बोललो? मला वाटलं, एवढी सरळ पोरगी समोरनं बोलतीय, आपुन बी सरळ बोलावं. दोन मार्क घालवले म्या गटाचे! त्यातले दोन तुझे! न्हायतर तू..." त्यानं बोटं मोजली. "छत्तीस! आगं, तारीख सांगून बी छत्तीस!"

"मोजलंय मी."

मग तो हसायला लागला, नेहमीसारखा, आणि मला राग यायला हवा होता, पण मीही हसायला लागले. चहा सांडला. बस लागली.

"एक ऐक," मी पायरीवर चढले तेव्हा तो खालून म्हणाला, "हे आता कुनाला सांगू नगं. भुसारी सरास्नी तर मुळीच नगं. तुला आवडतं सांगायला, जाऊन सांगशील, आन् अजून एक कापतील."

मी तेवढं मात्र ऐकलं. भुसारी सरांना मी कधीच सांगितलं नाही. त्यांच्या मते मी आजही समोरासमोर बोलणारी मुलगी असणार. इथं लिहिलं, ते पहिल्यांदाच.